टाचांचा फोटो, भेगेसकट

मी फोटो काढते. गडचिरोलीत बाजाराच्या रस्त्याला माझा स्टुडिओ आहे. पासपोर्ट, साक्षगंध, लग्न, बारसं, सगळं करते. नवरीला जरा उजळ करून द्या म्हणत तिची आई येते, तेव्हा मी आधी तिला चार शब्द सुनावते आणि मग बारीकसं काही करूनही देते. नवरदेवानं नवरी पाहिलेली असते, त्यामुळे त्या फोटोनं कुणी फसत नाही. डबीवर छापायच्या फोटोची गोष्ट वेगळी. ती डबी कुणाच्या हातात जाणार हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि त्या बाबतीत माझं डोकं फार लवकर तापतं. माझ्या घरचे म्हणतात की ते एरवीही तापतंच, पण ते राहू द्या.

त्या थंडीत धानोऱ्याकडच्या एका गावातून बचत गटाच्या अध्यक्षबाई माझ्याकडे आल्या. माझ्याच वयाच्या, पण आवाज असा की रस्त्यापलीकडचा चहावाला वळून पाहतो. त्यांनी काउंटरवर एक डबी ठेवली, झाकण काढलं आणि थेट माझ्या नाकाखाली धरली.

"टोरीचं तेल हाय. टाचेले लावाचं मलम बनवलं आमी."

टोरी म्हणजे मोहाचं बी. त्याचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं. त्यात मधाच्या पोळ्याचं मेण वितळवून बायांनी हे मलम केलं होतं. बोटाला लावून पाहिलं, छान होतं. परवाना त्यांना सौंदर्यप्रसाधनाचा मिळाला होता. म्हणजे कातडी मऊ होते, कोरडेपणा कमी होतो, एवढं म्हणायची मुभा. भेग भरते, जखम बरी होते, दुखणं जातं म्हटलं की झालं ते औषध, आणि औषधाचा परवाना यांच्याजवळ नव्हता.

अध्यक्षबाईंची खरी अडचण दुसरीच होती. गावातल्या बाया दरवर्षी टोरी व्यापाऱ्याला विकून मोकळ्या व्हायच्या. या वर्षी बाईंनी घरोघरी जाऊन सांगितलं होतं, "विकू नोका, मले द्या." बायांनी दिली. आता मलमाच्या डब्या समाजमंदिराच्या खोलीत छताला टेकल्या होत्या, आणि आमच्याकडचा उन्हाळा लागला की त्या मलमाचं पुन्हा तेल होणार होतं. नागपूरचे एक दुकानदार सगळा माल उचलायला तयार होते, फक्त डबीवरचा फोटो त्यांना 'दमदार' हवा होता.

"फोटो जमला नाई तं बाया मले गावात फिरू देनार नाई," त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण डबीचं झाकण लावताना त्यांचा हात जरा घाईत होता.

दुकानदार भाऊंनी नमुना मोबाइलवर पाठवला होता. डावीकडे एक टाच, धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, उन्हात तडकते तशी. उजवीकडे तान्ह्या लेकराची वाटावी अशी गुलाबी टाच. कोपऱ्यात पांढरा कोट घातलेला माणूस, गळ्यात डॉक्टरची नळी, वर हिरवं अधिकचं चिन्ह. शिवाय एक गुडघा, आतून लाल पेटलेला. पायाच्या मलमात गुडघा कुठून आला म्हणून मी त्यांना फोन लावला.

"मॅडम, लिहायचं काहीच नाही ना," ते फार गोड आवाजात म्हणाले. "बरं होते असा शब्द कुठी आहे? आपण फक्त दाखवायचं. पाहणारा समजून घेते."

"तेच तर म्हणते मी. पाहणारा समजून घेते."

"हो ना," ते खूश होऊन म्हणाले. त्यांना वाटलं आमचं एकमत झालं. अशा माणसाशी भांडण्यात जी मजा असते ती त्यांनी घालवूनच टाकली. मी म्हटलं कोट नाही, नळी नाही, गुडघा तर अजिबात नाही. आधीचा आणि नंतरचा फोटो हवा असेल तर खराखुरा काढून देते. ते म्हणाले, काढा, पण दमदार काढा.

मी बॅग भरून गावात गेले. अध्यक्षबाईंच्या ओसरीवर खिडकीजवळ एक स्टूल ठेवला, मागं राखाडी कापड टांगलं, आणि कॅमेऱ्याच्या तिपायीचे पाय जिथं टेकले तिथं चुन्यानं खुणा केल्या. बाया जमल्या होत्या, त्यांना मी सगळं समजावून सांगितलं. पाय तोच, खिडकी तीच, सकाळची वेळ तीच. पाय धुवून, पुसून, सुकू द्यायचा आणि मगच फोटो, कारण ओल्या कातडीवर भेगा दिसत नाहीत. फोटोच्या दिवशी मलम लावायचं नाही, कारण त्याच्या चमकेनंच अर्धं काम होतं. उजेड बाजूनं घेतला की साधी रेघसुद्धा दरी दिसते, समोरून घेतला की दरीही सपाट होते, म्हणून आधी एक आणि नंतर दुसरा असं करायचं नाही. बायांनी माना डोलावल्या. मला वाटलं, वा, किती छान चाललंय.

"आता ज्यांच्या टाचा फुटल्या आहेत त्यांनी पुढं या."

कुणी हललं नाही.

मी म्हटलं लाजताहेत. एकीचा पाय पाहिला. गुळगुळीत. दुसरीचा पाहिला, तोही. मी ओळीनं सगळ्यांचे पाय पाहत गेले आणि बाया एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत सुटल्या. अख्ख्या गावात एकही फुटकी टाच नव्हती. असणार कशी? जन्मल्यापासून या बाया टोरीचं तेल चोपडत आलेल्या. अध्यक्षबाईंच्या सासूबाई, ज्यांना मी आजी म्हणू लागले होते, त्यांची टाच तर अशी की मला माझीच लाज वाटली. घोट्यावर हिरव्या गोंदणाची नक्षी होती. आजी फक्त गोंडी बोलायच्या आणि सून, म्हणजे अध्यक्षबाईच, ते मराठीत सांगायची. नुसता कॅमेरा जुळवायचा म्हणून मी त्यांच्याही पायाचे फोटो काढून ठेवले.

बायांना मात्र मदत करायची होती. एक मागच्या अंगणात गेली आणि टाचेला राख आणि ओली माती थापून, चुलीपुढं वाळवून आली. माती वाळून तडकली होती, दिसायला एकदम भयानक. दुसरीनं कोळशानं रेघा ओढल्या. तिसरी म्हणाली, मी चार दिवस अनवाणी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, चालून येते, मग काढा.

"असं चालत नाही वो," मी म्हटलं.

"काऊन? तुमी नवरीले पावडर लावता ना?"

मी म्हटलं, मातीची भेग धुतल्यावर जाते, ती मलमानं गेली असं सांगणं म्हणजे खोटं. मग अध्यक्षबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मंग आमी फुटक्या टाचा आनाच्या कुठून?"

तेवढ्यात आजी काहीतरी पुटपुटल्या आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी चपला दाराशी काढल्या होत्या. सगळ्या बायांच्या नजरा माझ्या पायांवर गेल्या आणि जी काही ओरड झाली ती काय सांगू. दिवसभर फरशीवर उभी राहणारी बाई मी. टाचांकडे पाहायला वेळ कुणाला? उजव्या पायाला तर एक भेग अशी होती की चादरीत अडकायची.

"मिळाली वो बाई," अध्यक्षबाई म्हणाल्या, "शहरातून चालत आली."

मला स्टुलावर बसवलं. माझेच नियम मलाच वाचून दाखवले गेले, पाय धुवा, पुसा, सुकू द्या. बटण अध्यक्षबाईंनी दाबलं. हसून हसून त्यांचा हात हलला म्हणून दोनदा काढावा लागला. ठरलं असं की चार आठवडे रोज रात्री मलम फक्त उजव्या पायाला लावायचं, डावा तसाच ठेवायचा. म्हणजे मलमानं काय झालं आणि थंडी सरल्यानं काय झालं हे वेगळं दिसेल. दर आठवड्याला गावात येऊन फोटो.

मी इमानदारीनं लावलं. एक पाय मऊ, एक पाय खरखरीत, आणि घरचे विचारायचे की दुसऱ्या पायानं काय पाप केलंय. गावात गेलं की सकाळी फोटो व्हायचे, मग जेवण. आजी आग्रह करकरून भात वाढायच्या. त्यानंतर ओसरीवरच्या खाटेवर मी अशी झोपायचे की बसच्या वेळेला मला हलवून उठवावं लागायचं.

शेवटच्या आठवड्यात फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि मी चक्रावले. उजवी टाच खरंच सुधारली होती. पांढुरका कोरडेपणा गेला होता, बारीक रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. मोठी भेग मात्र होती तिथंच होती, फक्त कडा मऊ झाल्या होत्या. पण डावी? डावीही सुधारलेली. उजवीइतकी नाही, तरी चांगलीच. मी डोकं खाजवत बसले. अध्यक्षबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "म्हंजे मलमाचा काई उपेग नाई का?"

आजी कोपऱ्यात सुपारी कातरत होत्या. सुनेनं त्यांना सहज सांगितलं काय झालं ते. आजींनी अडकित्ता खाली ठेवला आणि अगदी साधेपणानं काहीतरी बोलल्या. सुनेनं पदर तोंडात कोंबला.

"काय म्हणतात?"

"म्हनते, तू झोपली का मी दोन्ही पाय चोपडून देत होतो."

पाहुणी जेवून निजली की तिच्या पायाला तेल लावायचं, हे त्यांच्या घरी चालत आलेलं. आणि मी चार आठवडे झोपेत राजासारखी पाय चोपडून घेत होते. नियम आजींना माहीत होता. त्यांनी तो ऐकून सोडून दिला होता. सून सांगत होती, "म्हनते, पाहुनीचा एकच पाय चोपडू कसा? दुसऱ्यानं काय म्हनावं?"

मला राग यायला हवा होता. तपासणीचं वाटोळं झालं होतं, पुन्हा चार आठवडे थांबावं तर उन्हाळा डोक्यावर. पण मी आणि अध्यक्षबाई खाटेवर पडून पोट दुखेपर्यंत हसलो. मग ठरवलं की दोन पायांची तुलना सोडून द्यायची. उजव्या पायाचा आधीचा आणि नंतरचा, जसाच्या तसा, भेगेसकट. खाली लिहायचं, एकाच बाईची तीच टाच, चार आठवडे रोज लावल्यावर. प्रत्येकीला फरक वेगळा पडेल. जखम, रक्त किंवा पू असेल तर दवाखान्यात जा.

दुकानदार भाऊंनी सगळे मूळ फोटो मागितले, मी पाठवले. थोड्या दिवसांनी त्यांनी डबीचं चित्र तयार करून अध्यक्षबाईंच्या मोबाइलवर धाडलं. मी तेव्हा गावातच होते. बाया मोबाइलभोवती गोळा झाल्या. डावीकडे माझी टाच, आणखी काळी केलेली. उजवीकडे सुंदर, गुळगुळीत टाच. कोपऱ्यात तो कोटवाला पुन्हा उगवला होता.

"बाप्पा," एक बाई म्हणाली, "मलमानं गोंदन बी उमटते काय?"

उजवीकडच्या घोट्यावर हिरवी नक्षी होती. पाय आजींचा होता. माझी पहिली टाच आणि आजींची दुसरी, अशी त्यांनी जोडी लावून दिली होती. बाया लोटपोट झाल्या. एकीला पायाचं बोट वाढवायचं होतं, एक म्हणाली माझ्या नवऱ्याच्या टकलाला लावून पाहते. मोबाइल आजींपुढं धरला तेव्हा त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, आणि हसायच्या थांबल्या. सुनेनं सांगितलं, "म्हनते, माह्या पायाले भेगा कधी होत्याच नाई. हा मानूस माह्या पायाची बदनामी करून राह्यला."

अध्यक्षबाईंनी तिथंच फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"गोंदण कोण पाहते हो बाई," दुकानदार भाऊ म्हणाले. "कापून टाकू तेवढा भाग. माल उद्या उचलतो मी."

उद्या म्हटल्यावर हसणं एकदम बंद झालं. टोरी देणाऱ्या सगळ्या बाया तिथंच उभ्या होत्या. अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग समाजमंदिराकडे, जिथं डब्या होत्या. मला बोलायचं होतं, पण माल माझा नव्हता, आणि गावात मला राहायचं नव्हतं. मी तोंड दाबून बसले. मला ते जमतं हे मला तेव्हाच कळलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "थो पाय माह्या सासूचा हाय. थो इकाचा नाई."

"मग फुटलेल्या भेगेचा फोटो घेऊन कोण माल घेईल?"

"पाहू," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. बायांतली एक उठून गेली, तिच्यामागं आणखी दोघी. अध्यक्षबाई रात्री नीट जेवल्या नाहीत असं आजींनी मला नंतर शेजारणीकडून कळवलं.

मग आम्ही चंद्रपूरच्या प्रदर्शनात एक टेबल घेतलं. ऊन लागायला सुरुवात झाली होती. डब्यांची खोकी टेबलाखाली ओल्या पोत्यानं झाकून ठेवली होती आणि मी सारखी पाणी शिंपडत होते. समोर माझ्या टाचेचे दोन फोटो, भेगेसकट. शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी दुसरं टाचेचं मलम होतं, त्यावर गुलाबी पाय, आणि तिथं गर्दी. आमच्याकडे लोक यायचे, फोटो पाहायचे, "अजून फुटलेलीच दिसते" म्हणायचे आणि शेजारी सरकायचे. अध्यक्षबाई तरी हसत होत्या. मला मात्र शेजारचं टेबल उलथवावंसं वाटत होतं.

दुपारी एक म्हातारी बाई सुनेचा हात धरून आली. चालताना एक पाय तिरका टाकत होती. आमच्या फोटोपुढं ती बराच वेळ उभी राहिली. सून म्हणाली, वाचता येत नाही तिला.

"हिची भेग तं गेलीच नाई," म्हातारी म्हणाली.

"नाई गेली," अध्यक्षबाई म्हणाल्या. "नुसती मऊ झाली. टाच याच बाईची हाय, पाहा." आणि त्यांनी मला चप्पल काढायला लावली. भर प्रदर्शनात मी टाच दाखवत उभी.

म्हातारीनं माझी टाच पाहिली, फोटो पाहिला. "मंग माही कशी जाईन?" असं म्हणत तिनं आपली चप्पल काढली आणि पायाची चिंधी सोडली. भेग नव्हतीच ती. जखम होती, कडा काळ्या पडलेल्या, वास येत होता.

"दुखते का?" मी विचारलं.

"दुखत नाई, म्हून तं राहू देल्लं."

"शुगरच्या गोळ्या खाता का?"

"कधी कधी."

अध्यक्षबाईंनी डबी तोवर हातात घेतली होती. त्या दिवशी आमची विक्री म्हणण्यासारखी झालीच नव्हती. त्यांनी डबी परत ओल्या पोत्याखाली ठेवली.

"बाई, हे तुमच्यासाठी नोहे. आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जा."

"थोडं लावून पाहतो ना. तेलच तं हाय."

"नाई देत."

"इकाले बसली का भांडाले?" म्हातारी चिडली. पण सून घाबरली होती. मी तिला ऑटो करून दिला आणि म्हातारीला आत बसवलं. ती ऑटोतून जातानाही आम्हाला बोल लावत होती.

ऊन कलल्यावर सून एकटीच परत आली, कपड्यांची पिशवी टेबलापाशी राहिली होती ती घ्यायला. म्हणाली, दाखल करून घेतलं. डॉक्टर म्हणाले पाय वाचेल, पण उशीर चालला नसता. मग तिनं खाली पाहत सांगितलं की सासूच्या पदराला शेजारच्या टेबलावरची गुलाबी पायाची डबी बांधलेली होती. ती आधीच घेतली होती. रात्री तीच लावणार होती. आमच्या फोटोतली भेग का गेली नाही, एवढंच विचारायला ती आमच्याकडे थांबली होती.

अध्यक्षबाई खुर्चीत बसल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर मलाच रडू आलं.

सुनेच्या मागं पांढऱ्या कपड्यांतल्या दोन परिचारिका उभ्या होत्या, ड्युटी संपवून आलेल्या. त्यातली एक म्हणाली, "डबी विकायला नाही म्हणणाऱ्या बाई कोण त्या? आम्ही दिवसभर उभ्या असतो, टाचांची पार वाट लागली. दोघींना द्या."

अध्यक्षबाईंनी डोळे पुसले, पोतं बाजूला केलं, आणि मग हात मागं घेतला.

"अगोदर पाय दाखवा," त्या म्हणाल्या.